पाणीबचतीची संहिता गावासाठी नव्याने कशी लिहावी

ग्रामसभेच्या आधी पारावर वाचून किंवा दोन पात्रांकरवी सादर करण्यासाठी पाणीबचतीची जी तयार संहिता हाती येते, तिची भाषा बहुधा अशी असते: ‘भूजल पातळीत होणारी चिंताजनक घट लक्षात घेता प्रत्येक नागरिकाने जलस्रोतांचा विवेकपूर्ण वापर करणे ही काळाची गरज असून, दात घासताना नळ बंद ठेवल्यास व शॉवरऐवजी बादलीने स्नान केल्यास मोठ्या प्रमाणात पाण्याची बचत होऊ शकते.’ यातले अवघड शब्द काढून सोपे घातले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. खरी अडचण मात्र शब्दांत नसून उदाहरणांत आहे. ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येते आणि मधल्या दिवसांत बाया विहिरीवरून हंडे वाहतात, तिथे नळ बंद ठेवण्याचा उपदेश त्या बायांनाच ऐकवला जातो, आणि काटकसर तर त्या आधीपासूनच करीत असतात.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी मूळ संहिता बरोबर घेऊन गावातून आणि शिवारातून एक फेरी मारावी. प्रत्येक वाक्यापाशी थांबून ही गोष्ट इथे घडते का, हे पाहावे, आणि घडत नसेल तर वाक्य खोडावे. मग इथे पाणी खरोखर कुठे जाते, याचा शोध घ्यावा. बागायती गावात घरगुती वापरापेक्षा शेतीचा वापर कितीतरी मोठा असतो. त्यामुळे उत्तर बहुधा शिवारातच सापडते: काठोकाठ भरून वाहणारा जनावरांच्या पाण्याचा हाळ, फुटलेली पाइपलाइन, किंवा रात्री मालक घरी झोपलेला असताना चालू राहिलेली मोटार. यांपैकी एकच गोष्ट निवडावी. दहा मिनिटांच्या संहितेत एकच कृती सांगता येते. तीन सांगितल्या तर श्रोते एकही घरी नेत नाहीत.

आपण मोटारीचे उदाहरण घेऊ. शेतीची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री येते. रात्री उठून दारे धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्याला पाणी वळवायला जाणे अंधारामुळे आणि विंचूकाट्यामुळे जिवावर येते, म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, वाफे भरतात आणि उरलेली रात्र पाणी बांधाबाहेर जात राहते. हे बेफिकिरीने घडत नाही, हे लिहिणाऱ्याने आधी मान्य करावे, नाहीतर पहिल्याच वाक्याला शेतकऱ्यांचा अर्धा गट उठून जातो.

आता आकडा मिळवावा, पण तो पुस्तकातून न घेता त्याच गावात मोजावा. मोटारीचा पाइप दोनशे लिटरच्या पिंपात सोडावा आणि पिंप किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. समजा चाळीस सेकंद लागले, तर सेकंदाला पाच लिटर, म्हणजे तासाला 18,000 लिटर पाणी झाले. पाण्याची पातळी, पाइपची लांबी आणि मोटारीची ताकद यांप्रमाणे हा आकडा बदलतो, त्यामुळे शेजारच्या गावाचा उसना घेऊ नये. मोजणी चारचौघांसमोर केली, तर संहितेतला आकडा कुणी खोटा म्हणत नाही. पिंप भरताना त्यांनी स्वतः पाहिलेले असते.

तरीही अठरा हजार लिटर डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत. इथे लिटरचे रूपांतर गावाच्या मापात करावे. हंडाही मोजून घ्यावा, कारण तो घरोघर लहानमोठा असतो. पंधरा लिटरचा धरला तर हे बाराशे हंडे होतात. पण बाराशे हाही शेवटी आकडाच आहे, म्हणून आणखी एक पायरी उतरावी. एक बाई रोज दहा हंडे आणत असेल, तर बाराशे हंड्यांना एकशेवीस दिवस, म्हणजे चार महिने लागतात. चार महिने म्हणजे गुढीपाडव्यापासून जवळपास दिव्याच्या अवसेपर्यंत. सगळा उन्हाळा त्यात आला. अधिक महिना मध्ये पडला, तर सण बदलून घ्यावा. इतके हाती आल्यावर वरचा उतारा असा लिहिता येतो:

भाऊजी: वहिनी, दिवसाला किती हंडे होतात?
वहिनी: दहा. खांदा बघा कसा झालाय.
भाऊजी: काल रात्री बाराला लाइट आली. ऑटो टाकलेला, मोटार सुरू झाली, मी आपला घरात झोपलेलो. वाफे भरल्यावर तासभर पाणी ओढ्याला गेलं.
वहिनी: तासभर म्हणजे किती हंडे?
भाऊजी: बाराशे.
वहिनी: म्हणजे पाडव्यापासून दिव्याच्या अवसेपर्यंत मी वाहते, तेवढं एका तासात गेलं म्हणा की.

इथे थांबावे. यावर ‘म्हणून पाणी जपून वापरा’ हे वाक्य जोडण्याचा मोह होतो, पण ते ऐकताच श्रोत्यांना पुन्हा भाषण सुरू झाल्यासारखे वाटते. त्याऐवजी भाऊजींच्या तोंडी थेट कृती घालावी: ‘आजपासून रानात माणूस नसेल त्या रात्री ऑटो बंद, नाहीतर स्टार्टरला टायमर लावतो.’ संवादात बोलीचा रंग हलकाच ठेवावा. कागदावर भाषा शुद्ध असली तरी पात्र करणारा माणूस ती आपल्या उच्चाराने म्हणतोच. ओढूनताणून लिहिलेली बोली मात्र थट्टेसारखी वाटते. पात्रांना गावातल्या कुणाचे नाव किंवा ओळखू येईल असे शेतही देऊ नये.

एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: ‘पाणी जातंय कुठं? मुरून माझ्याच विहिरीत येतंय.’ या आक्षेपाला संहितेतच जागा द्यावी. जास्तीच्या पाण्यापैकी काही भाग खरोखरच खाली मुरतो. मुरमाड रानात तो लवकर उतरतो, तर भारी काळ्या रानात वरच साचून मुळे गुदमरतात. काही भाग ओढ्याला जातो, काही उन्हाने उडतो आणि मुरणारे पाणी टाकलेला युरियाही मुळांच्या खाली घेऊन जाते. म्हणून सगळे पाणी ‘वाया गेले’ असे लिहू नये. ‘पिकाच्या कामी आले नाही’ असे लिहावे. वहिनींच्या तोंडी ‘येईल की परत विहिरीत, पण मला हंडा आज भरायचाय,’ एवढे एक वाक्य पुरते.

शेवटी तपासणी. संहिता एका दारे धरणाऱ्याला आणि एका पाणी वाहणाऱ्या बाईला एकदाच मोठ्याने वाचून दाखवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारावे, ‘काल काय सांगितले होते?’ ‘पाणी वाचवा’ असे उत्तर आले, तर संहिता फसली असे समजावे. ‘रात्रीचा ऑटो बंद करा’ असे आले, तर ती पोचली. वाचताना ज्या शब्दावर ऐकणाऱ्याने भुवई वर केली, तो शब्द तिथल्या तिथे बदलावा. माझ्या एका संहितेत ‘विद्युत पंप’ होता. एका आजोबांनी मधेच थांबवून ‘मोटार म्हण की,’ असे सांगितले, आणि पुढची सगळी पाने मी त्यांच्यासमोरच दुरुस्त केली.

विजेचे वेळापत्रक बदलत राहते, हेही ध्यानात असावे. ज्या आठवड्यात वीज दिवसा असेल, त्या आठवड्यात ‘रात्री बाराला लाइट आली’ हे वाक्य पडते, म्हणून सादरीकरणाच्या आदल्या दिवशी वेळ विचारून ती ओळ नव्याने लिहावी. जिथे शेतीला वीज पुरवणारा फीडर सौर झाल्यामुळे वीज कायम दिवसाच येते, तिथे हे उदाहरण सोडून हाळाकडे किंवा पाइपलाइनकडे वळावे आणि पिंप पुन्हा मांडावे.