घरून काम करताय? आधी इतिवृत्त कायम करायला शिका

आपल्याकडे विकास सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना विषयपत्रिकेतला पहिला विषय पाठ असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तो हात वर करून दोन मिनिटांत उरकतात. सांगलीत बसून पुण्या-बंगळूरच्या टीममध्ये काम करायला लागलं, की सगळ्यात जास्त वाद याच विषयावर होतात.

आमच्या नियमपत्रात मीटिंगबद्दल फारसं नाही. विषयपत्रिका आदल्या दिवशी यावी, मीटिंग चालवणारा आणि टिपणं घेणारा वेगळे असावेत, एवढंच. खरी मेख पुढे आहे. मसुदा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जातो. दोन कामाच्या दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर इतिवृत्त कायम. रजेवरच्या माणसाचं मौन मात्र संमती धरायचं नाही, आणि पैशाच्या निर्णयाला लेखी होकार लागतोच.

एक प्रसंग सांगतो. मसुद्यात चौदाव्या निर्णयाची ही नोंद होती:

«नि-14: नवीन बिलिंग शुक्रवारऐवजी मंगळवारी सुरू करायचं. कारण: शनिवार-रविवार सपोर्टला माणूस नाही. जबाबदारी: बिलिंग टीम.»

विश्रामबागेतल्या आमच्या एका सहकाऱ्याची लाईट मीटिंगच्या मध्येच गेली होती. मसुदा वाचून तो म्हणाला, "अरे, मी कुठं हो म्हटलं? आणि मंगळवार नकोच, बुधवार करा."

या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्णयाच्या वेळी तो हजर नव्हता, ही नोंदीतली चूक. ती लगेच दुरुस्त झाली: «11:20 ला कनेक्शन तुटलं, नि-14 वेळी अनुपस्थित.» बुधवारची मागणी ही दुरुस्ती नव्हे, नवा मुद्दा आहे. तो पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत गेला, आणि तोवर मंगळवारच खरा. पुढच्या मीटिंगमध्ये बुधवार ठरला, तेव्हाही नि-14 पुसला नाही. त्याच्यापुढे «नि-17 ने बदलला» एवढंच लिहिलं. जुनी नोंद खोडली, तर सहा महिन्यांनी मंगळवार का ठरला होता हे कोणालाच सांगता येत नाही.

नव्याने आलेले बहुतेक जण कोण काय बोललं ते सगळं उतरवून काढतात. मग ज्याचं वाक्य नीट उतरलं नाही, तो हरकत घेतो आणि मसुदा आठवडाभर लोंबकळतो. ठरलं काय, का, कोण करणार आणि कधीपर्यंत, एवढं पुरे.

मौन म्हणजे संमती हे आमचंच खूळ नाही. भारतातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांना लागू असलेल्या सचिवीय मानकातही मसुदा 15 दिवसांत पाठवायचा आणि संचालकांनी 7 दिवसांत म्हणणं कळवायचं असतं. कळवलं नाही, तर मंजुरी गृहीत धरतात. आपल्या कामाला एवढा वेळ परवडत नाही, म्हणून दोन दिवस.

आणि हो, कायम झालेल्या कागदाला लगेच कुलूप लावा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता ठेवा. हरकत कमेंटमध्येच यायला हवी. कोणी थेट मजकुरात हात घातला, तर कोणत्या मसुद्याला मंजुरी मिळाली होती हेच सांगता येत नाही.