सर्वो थरथरतोय? कोड बदलण्याआधी वीज तपासा

डिप्लोमाच्या पहिल्या मिनी प्रोजेक्टला बहुतेकांच्या हातात एसजी-९० हा ९ ग्रॅमचा निळा सर्वो असतो. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवरून तो आणायचा, अर्डुइनो उनोला जोडायचा आणि लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवायचा. मग तो थरथरतो, आणि मुलं रात्रभर कोड तपासत बसतात.

सर्वोच्या आत छोटी डीसी मोटर, गिअर, पोटेन्शिओमीटर आणि एक सर्किट असतं. केशरी वायरीवरून दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स येते. ती दीड मिलिसेकंदाची असेल तर दांडी साधारण मध्यावर थांबते. पोटेन्शिओमीटर गिअरच्या शेवटच्या दांड्याला जोडलेला असल्यामुळे दांडी आत्ता कुठे आहे ते सर्किटला कळतं. मागितलेली आणि प्रत्यक्ष जागा यांत जेवढा फरक, तेवढी मोटर ढकलली जाते.

गोम इथेच आहे. मोटर निघताना किंवा अडकल्यावर क्षणभर अर्ध्या अँपिअरच्या वर करंट ओढते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो, आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबचा पोर्ट तर फक्त १०० साठी. समजा, बारीक केबलचा जाण्यायेण्याचा रोध अर्धा ओहम आहे. ०.६ अँपिअरला तिथेच ०.३ व्होल्ट गेले. व्होल्टेज असं खाली आलं की सर्वोच्या सर्किटचं मोजमाप हलतं आणि ते नसलेली चूक सुधारायला मोटर फिरवतं. मोटर फिरली की व्होल्टेज पुन्हा पडतं. मल्टिमीटरवर मात्र सरासरी दिसते, त्यामुळे आकडा ठीक वाटतो. त्यावर विसंबू नका.

त्याऐवजी हे चालवा:

```
#include <Servo.h>
Servo s;
void setup() {
  Serial.begin(9600);
  Serial.println("START");
  s.attach(9);
}
void loop() {
  s.write(30);  delay(1500);
  s.write(150); delay(1500);
}
```

सीरियल मॉनिटर उघडताना एकदा START येणारच, कारण तेव्हा उनो स्वतःच रीसेट होतो. पण दांडी हलताना तो पुन्हा पुन्हा आला, तर बोर्ड विजेअभावी बंद पडून परत सुरू होतोय. अशा वेळी दांडी सैल पडते आणि थोड्या वेळाने हिसका देते. START एकदाच आला आणि बारीक गुणगुण चालू राहिली, तर बोर्ड टिकलाय, फक्त सर्वो उपाशी आहे.

उपाय स्वस्त आहे. सर्वोची लाल वायर वेगळ्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरच्या धन टोकाला जोडा. तपकिरी वायर अडॅप्टरच्या ऋण टोकाला आणि तिथूनच उनोच्या GND ला. हा दुवा बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर पल्स मोजायला सर्वोला आधारच नसतो आणि थरथर उलट वाढते. केशरी वायर पिन ९ वरच राहू दे. लाल-तपकिरीच्या मध्ये, सर्वोच्या अगदी जवळ, ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. पट्टीची बाजू तपकिरीकडे. उलटा लागला तर तो फुगून फुटतो. नुसता कपॅसिटर लावून कमजोर पोर्टवर भागवू नका, तो सुरुवातीचा झटका पेलतो, अडकलेली मोटर नाही.

एवढं करूनही फक्त एका ठरावीक कोनातच दांडी थरथरत असेल, तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. तो सर्वो बदला.