अनबॅलन्स्ड ब्रिज, तीन लूप, दोन नोड: ब्रांच करंट मॅट्रिक्सने काढताना

डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्क अ‍ॅनालिसिस शिकवताना पहिलं गणित मी अनबॅलन्स्ड व्हीटस्टन ब्रिजचंच घेतो. (ब्रिज व्हीटस्टनच्या नावाने ओळखला जात असला तरी तो आधी मांडला सॅम्युअल ख्रिस्टीने, १८३३ मध्ये. व्हायवात कुणी विचारलंच तर असू द्या.) कारण साधं आहे: या सर्किटमध्ये कुठलेही दोन रेझिस्टर ना सिरीजमध्ये आहेत, ना पॅरललमध्ये. अकरावीपासून हाताला लागलेली 'जोडत जोडत एकच रेझिस्टर करायचा' ही सवय इथे चालतच नाही.

कागदावर पत्त्यांतल्या चौकटसारखा, टोकावर उभा चौकोन काढा. वरचं टोक A, खालचं D, डावीकडे B, उजवीकडे C. A-B मध्ये R1 = 2, A-C मध्ये R2 = 6, B-D मध्ये R3 = 8, C-D मध्ये R4 = 3 आणि मधोमध B-C ला जोडणारा R5 = 2. सगळे किलोओहममध्ये. चौकोनाच्या डाव्या बाजूला १२ व्होल्टची बॅटरी, तिचा प्लस A ला, मायनस D ला. व्होल्ट आणि किलोओहम घेतले की उत्तर आपोआप मिलीअँपिअरमध्ये येतं, त्यामुळे दहाचे घात सांभाळत बसावं लागत नाही.

आता लूप. ब्रांच सहा (बॅटरी धरून), नोड चार, म्हणून स्वतंत्र लूप 6 - 4 + 1 = 3. पहिला लूप बॅटरी, R1, R3 यांचा; दुसरा वरचा त्रिकोण; तिसरा खालचा. तिन्ही करंट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धरा, आणि हे एकदा ठरलं की गणित संपेपर्यंत बाण बदलायचा नाही. करंट उलटा वाहत असेल तर उत्तर मायनसमध्ये येईल, बिघडत काहीच नाही.

सगळे लूप एकाच दिशेने धरल्याचा फायदा असा की समीकरणं लांबलचक लिहावी लागत नाहीत, आकृती बघून मॅट्रिक्स थेट भरता येतं. कर्णावर त्या लूपमधल्या सगळ्या रेझिस्टरची बेरीज. इतर जागी दोन लूपमधला सामाईक रेझिस्टर, मायनस चिन्हासह. उजवीकडे त्या लूपमधली बॅटरी.

```
 10   -2   -8      I1     12
 -2   10   -2   ×  I2  =   0
 -8   -2   13      I3      0
```

सोडवायच्या आधी अर्धा मिनिट या मॅट्रिक्सकडे नुसतं बघा. मी मार्क देताना इथेच थांबून बघतो. पहिली गोष्ट, कर्णाच्या दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या हव्यात. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: प्रत्येक ओळीची बेरीज करा. दुसऱ्या ओळीची बेरीज 6 येते, म्हणजे R2. तिसरीची 3, म्हणजे R4. पहिलीची शून्य. ओळीची बेरीज म्हणजे त्या लूपमधला जो रेझिस्टर दुसऱ्या कुठल्याच लूपच्या वाट्याला नाही, तो. पहिल्या लूपमधले R1 आणि R3 दोन्ही सामाईक आहेत, म्हणून तिथे काही उरत नाही.

ही तपासणी का करायची? समजा दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या -2 चा मायनस लिहायचा राहिला. कॅल्क्युलेटर काहीही तक्रार करत नाही; 2.48, 0.19, 1.56 अशी दिसायला अगदी व्यवस्थित उत्तरं देतो. मॅट्रिक्समध्ये मात्र एका जागी 2 आणि समोरच्या जागी -2 असं दिसतं, आणि दुसऱ्या ओळीची बेरीज 6 ऐवजी 10 होते.

बरोबर मॅट्रिक्स fx-991 च्या EQN मोडमध्ये टाका किंवा लॅपटॉपवर:

```python
import numpy as np
R = np.array([[10,-2,-8],[-2,10,-2],[-8,-2,13]])
V = np.array([12,0,0])
print(np.linalg.solve(R, V))
```

I1 = 3, I2 = 1, I3 = 2. इथे बरीच मुलं पेन खाली ठेवतात, पण प्रश्नात ब्रांच करंट विचारलेले असतात आणि हे अजून लूप करंट आहेत. बॅटरी, R2 आणि R4 प्रत्येकी एकाच लूपमध्ये आहेत, तिथे लूप करंट हाच ब्रांच करंट: 3, 1 आणि 2 मिलीअँपिअर. सामाईक ब्रांचमध्ये वजाबाकी. R1 मध्ये खाली I1 - I2 = 2, R3 मध्ये खाली I1 - I3 = 1, आणि R5 मध्ये B कडून C कडे I3 - I2 = 1.

'दोन्ही लूप एकाच दिशेने फिरतात, मग बेरीज का नको?' हा प्रश्न दरवर्षी येतो. R5 वर बोट ठेवून बघा. वरचा त्रिकोण घड्याळाच्या दिशेने फिरताना R5 मधून C कडून B कडे जातो, खालचा B कडून C कडे. बेरीज केली तर R5 मध्ये 3 येतील आणि B नोडवर हिशोब लागणार नाही: आत 2, बाहेर 1 आणि 3.

मोठा बाहेरचा लूप (बॅटरी, R2, R4) चौथं समीकरण म्हणून घेऊ नका. तो या तिन्ही लूपची बेरीजच आहे, त्यातून नवी माहिती मिळत नाही. त्याचा उपयोग तपासणीला: 6 × 1 + 3 × 2 = 12. बरोबर.

हेच सर्किट नोडने केलं तर काम कमी होतं. D ला शून्य धरा. A चा व्होल्टेज बॅटरीने आधीच १२ ठरवलाय, म्हणून अज्ञात उरले फक्त VB आणि VC. कर्णावर नोडला लागलेल्या कंडक्टन्सची बेरीज, बाजूला मायनस सामाईक कंडक्टन्स, उजवीकडे A कडून येणारा भाग:

```
 1.125  -0.5      VB     6
 -0.5    1     ×  VC  =  2
```

VB = 8, VC = 6. मग प्रत्येक ब्रांचला ओहमचा नियम: R5 मध्ये (8 - 6)/2 = 1, R1 मध्ये (12 - 8)/2 = 2. लूपशी जुळलं. A साठी तिसरी ओळ लिहायच्या भानगडीत पडू नका. बॅटरीतून किती करंट निघतो हे तेव्हा माहीतच नसतं. तो शेवटी R1 आणि R2 च्या करंटची बेरीज करून मिळतो, 2 + 1 = 3.

पद्धत निवडताना मी अज्ञात मोजतो, बाकी काही बघत नाही. इथे तीनाविरुद्ध दोन. शिवाय तारा एकमेकींना न ओलांडता आकृती काढता येत नसेल, तर असे लूप बघून भरताच येत नाहीत. नोडला ती अट नाही. १९७०च्या दशकात बर्कलीत तयार झालेला स्पाइस सिम्युलेटरही नोडचाच मार्ग धरतो.

ब्रेडबोर्डवर करून बघायचं असेल तर 8 साठी 6.8 आणि 1.2 सिरीजमध्ये, 6 साठी 3.3 आणि 2.7, 3 साठी दोन 1.5, आणि प्रत्येक 2 साठी दोन 1. सगळे दुकानात सहज मिळतात, आणि एकूण पॉवर ३६ मिलीवॅट असल्याने पाव वॅटचे पुरतात. करंट मोजायला सर्किट तोडून मीटर घालू नका, मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स मध्ये येतो. R5 च्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा; २ व्होल्टच्या आसपास आलं की 1 मिलीअँपिअर. पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असतील तर VB आणि VC मधल्या छोट्या चुका R5 वर मोठ्या दिसतात, कारण तो दोघांचा फरक आहे. तिथे १.८ किंवा २.२ आले म्हणून मॅट्रिक्स खोडू नका.

डिपेंडंट सोर्स आला की मात्र आरशाची तपासणी सोडून द्यायची. तिथे कर्णाच्या दोन बाजू बहुतेक वेळा वेगळ्याच येतात, आणि ते बरोबरच असतं.