बसचं टाइमटेबल छापताय? वेळेच्या कॉलममधल्या या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात घरातल्याच एका लग्नाला पुणे-नाशिकची मंडळी इंदूरला येणार होती, आणि आल्यासारखं सगळ्यांनाच उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर करायचं होतं, म्हणून म्हटलं सरवटे बसस्टँडवर जाऊन वेळा लिहून आणू नि कार्यालयाच्या दारात एक मोठा ए-थ्री कागद लावून टाकू. डीटीपीचं काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे अर्ध्या तासाचं काम वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या मावशी थंडीत स्टँडवर पाऊण तास कुडकुडत बसल्या होत्या. फोन आला, "अरे, सहा पाचची गाडी लिहिलीयस ना तू, कुठेय?" गाडी होती सहा पन्नासची. कागदावर छापलं होतं 6.5.

चूक माझीच. पोहे खाऊन झाल्यावर तो कागद उतरवून शांतपणे बघितला तर त्या एका चुकीमागे अजून तीन-चार निघाल्या, आणि सगळ्या वेळेच्या त्या एकाच कॉलममधल्या. (खाली ज्या वेळा देतोय त्या नमुन्याच्या आहेत, त्या बघून स्टँडवर जाऊ नका.)

पॉइंट, कोलन आणि विसर्ग

आपल्याला 6.30 असं लिहायची सवय असते. हाताने लिहिताना काही बिघडत नाही, पण एक्सेलला तो आकडा वाटतो, वेळ नाही, आणि आकड्याच्या शेवटचा शून्य ते खाऊन टाकतं. 6.30 चं 6.3 होतं, 6.50 चं 6.5 होतं, 7.00 चं नुसतं 7 उरतं. आता 6.5 म्हणजे कुणाला सहा पाच, कुणाला सहा पन्नास, आणि हिशोबाच्या माणसाला तर साडेसहा! तिघंही आपापल्या जागी बरोबर.

यात अजून एक गंमत आहे जी मी तेव्हाच शिकलो. चूक लक्षात आल्यावर मी तो कॉलम सिलेक्ट केला आणि फॉरमॅट `hh:mm` करून टाकला, वाटलं झालं दुरुस्त. तर 6.3 चं झालं 07:12, 6.5 चं 12:00, आणि 7 चं 00:00. कारण एक्सेलसाठी एक म्हणजे एक पूर्ण दिवस, 6.3 म्हणजे सहा दिवस आणि वर 0.3 दिवस, म्हणजे सात तास बारा मिनिटं. 00:00 बघून निदान शंका येते, पण 07:12 अगदी खरी वेळ दिसते, ती कुणाच्या डोळ्यात भरत नाही. म्हणून आधी रिकाम्या कॉलमचा फॉरमॅट `hh:mm` करा आणि मग कोलन देऊन वेळा नव्याने टाइप करा, संध्याकाळच्या असतील तर 18:50 अशाच. खरी वेळ एक्सेल आपोआप उजवीकडे चिकटवतं आणि मजकूर समजलं तर डावीकडे, त्यामुळे तुम्ही अलाइनमेंटला हात लावला नसेल तर डावीकडे गेलेल्या ओळी आधी तपासा.

त्या डावीकडे गेलेल्यांचं कारण बऱ्याचदा विसर्ग असतं. मराठी कीबोर्ड चालू असताना घाईत कोलनच्या जागी विसर्ग पडतो, दिसायला तेच दोन ठिपके, पण विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे आणि 6 ला चिकटायला ते तयार नसतं. मग काही फॉन्टमध्ये तिथे टिंबांचं गोल येतं, काहींमध्ये ठिपके आकड्यावर चढतात, आणि काहींमध्ये सगळं छान दिसतं, जे सगळ्यात वाईट, कारण बिघाड प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडल्यावरच कळतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फाइंडमध्ये कोलन टाकून शोधायचं. वेळा 14 आहेत आणि कोलन 11 सापडले तर तीन ठिकाणी विसर्ग बसलाय.

आकडे एका रेषेत का येत नाहीत

वेळा बरोबर झाल्या तरी कॉलम वाकडातिकडा दिसत होता, वरून खाली बघताना कोलन डावी-उजवीकडे डुलत होते. कारण मी जो मॉडर्न दिसणारा फॉन्ट घेतला होता त्यात 1 अंगाने बारीक आणि 0 जाडजूड. परिच्छेदात असे आकडे सुंदर दिसतात पण टाइमटेबलात प्रत्येक आकड्याला सारखीच जागा हवी, म्हणजे तासाखाली तास, मिनिटाखाली मिनिट येतं आणि डोळा सरळ खाली घसरत जातो. अशा सारख्या रुंदीच्या आकड्यांना टॅब्युलर म्हणतात. तपासायला फॉन्ट लावून हे दोन एकाखाली एक टाइप करा:

```
11111
00000
```

दोन्ही ओळी एकाच ठिकाणी संपल्या तर फॉन्ट कामाचा. नसतील तर त्या फॉन्टमध्ये टॅब्युलर आकडे लपलेले असू शकतात, ते चालू करावे लागतात. वर्डमध्ये फॉन्टच्या डायलॉगमध्ये `Advanced` मध्ये `Number spacing` आहे, तिथे `Tabular` घ्या. लिबरऑफिसमध्ये फॉन्टच्या नावाला जोडून `:tnum` लिहिलं की चालतं. वेबपेज असेल तर एवढं पुरे:

```
td.vel {
  font-variant-numeric: tabular-nums lining-nums;
  font-kerning: none;
  text-align: right;
}
```

फॉन्टमध्ये ती सोय मुळातच नसेल तर मात्र हे सगळं करूनही काहीच होत नाही आणि कुठला एररही येत नाही, तेव्हा वरची पाच एक-पाच शून्यवाली टेस्ट परत करून बघाच. `lining-nums` कशाला, तर जॉर्जियासारख्या फॉन्टमध्ये 3, 4, 5, 7, 9 ओळीच्या खाली लोंबतात.

वरच्या कोडमध्ये कर्निंग, म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर जुळवणं, का बंद केलं? कारण एरियल. एरियलचे सगळे आकडे सारख्या रुंदीचे आहेत, पण 1 च्या शेजारी 1 आला की फॉन्ट स्वतःहून त्यांना जवळ ओढतो. मग सगळा कॉलम सरळ आणि नेमकी 11:10 नि 11:40 ची ओळ जराशी सरकलेली. इनडिझाइनमध्ये मी यावर एकदा तासभर घालवला होता, टॅब तपासले, स्पेस तपासल्या, आणि शेवटी कर्निंग मेट्रिक्सवरून शून्य केल्यावर जमलं. पाच एकवाली टेस्टही एरियलमध्ये याच कारणाने फसवू शकते, तेव्हा कर्निंग बंद करून करा.

तासाच्या आधी शून्य लावा, 6:50 नको, 06:50. चार आकडे कायम राहिले की डावी-उजवी कुठलीही अलाइनमेंट चालते. आणि देवनागरी आकडे हवे असतील तर हीच टेस्ट १११११ आणि ५५५५५ घेऊन करा, पण माझं म्हणाल तर लांबून १ आणि ९ मध्ये गफलत होते आणि हातातल्या तिकिटावर 0 ते 9 च असतात, म्हणून मी तेच ठेवले.

बोल्ड कशासाठी

पहिल्या कागदावर मी हेडिंग बोल्ड, गावाची नावं बोल्ड, वेळा बोल्ड आणि "प्लॅटफॉर्म बदलू शकतो" हेही बोल्ड केलं होतं. चार हात लांबून तो कागद नुसता काळा दिसायचा.

स्टँडवर निघालेल्या माणसाला आपल्याला कुठे जायचंय ते ठाऊक असतं, तो आत्ताच्या नंतरची पहिली वेळ शोधतो. म्हणून बोल्ड फक्त सुटायची वेळ. पोचायची वेळ साधी, गावाचं नाव साधं. अमेरिकेतल्या बऱ्याच टाइमटेबलांत दुपारनंतरच्या वेळा बोल्ड आणि सकाळच्या साध्या अशी पद्धत आहे, आमच्याकडे एका भाच्याने तेच सुचवलं होतं, पण ज्यांना ते माहीत नाही ते बोल्ड म्हणजे एक्सप्रेस गाडी समजतात. आपल्याकडे रेल्वेमुळे 24 तासांची वेळ सगळ्यांना वाचता येते, मग ती भानगड हवीच कशाला?

एकाच कॉलममध्ये काही वेळा बोल्ड नि काही साध्या ठेवल्या तर आणखी एक घोळ होतो. बऱ्याच फॉन्टमध्ये बोल्ड आकडे रुंद असतात, त्यामुळे ती ओळ सरकते. एरियलमध्ये आकडे तेवढेच राहतात पण कोलन रुंद होतो, म्हणून उजवीकडून लावलेल्या कॉलममध्ये मिनिटं जागेवर आणि तास किंचित डावीकडे. 24 पॉइंटच्या अक्षराला हा फरक सव्वा पॉइंटच्या आसपास येतो, भिंतीवर दिसतो. पूर्ण कॉलम बोल्ड केला की प्रश्नच मिटतो.

आणि बोल्ड खरा आहे ना ते बघा. फॉन्टची बोल्ड फाइल इन्स्टॉल नसेल तर सॉफ्टवेअर साध्या अक्षरालाच फुगवतं, मग 8 आणि 6 ची पोटं भरून जातात आणि 06:08 लांबून काहीही वाचता येतं.

रेघा

एक्सेलमध्ये सगळ्यांचा हात ऑल बॉर्डर्सवर जातो, माझाही गेला. उभी रेघ वेळेला चिकटून उभी राहिली की ती 1 सारखी दिसते, |11:10| यात एक किती ते सांगा बरं. उभ्या रेघा सगळ्या काढल्या, कॉलममध्ये मोकळी जागा सोडली की पुरतं.

आडव्या रेघाही प्रत्येक ओळीखाली नकोत. तास बदलला की एक बारीक रेघ, बस, म्हणजे सहाच्या गाड्यांचा गठ्ठा वेगळा, सातचा वेगळा. दिवसाला पाच-सहाच गाड्या असतील तर रेघा नसल्या तरी चालतं. रात्री 12 वाजताची रेघ मात्र जाड हवी आणि तिच्याखाली पुढची तारीख लिहायची, कारण 00:10 ची गाडी मंगळवारची म्हटली की लोक मंगळवारी रात्री जेवून निघतात आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

मी सगळ्यात जास्त पस्तावलो ते म्हणजे मी गाव डाव्या टोकाला आणि वेळ उजव्या टोकाला ठेवली होती. आडवा ए-थ्री 42 सेंटीमीटर रुंद, एवढं अंतर डोळ्याने कापताना माणूस एक ओळ वर-खाली होतोच, आणि मग लोक रेघा मागतात. वेळ डावीकडे घेतली, तिला लागूनच गाव लिहिलं, आणि निम्म्या रेघांची गरजच संपली:

```
06:05  उज्जैन
06:50  ओंकारेश्वर
----------------
07:10  उज्जैन
07:40  महेश्वर
```

रेघ करड्या रंगाची आणि पाव पॉइंटची स्क्रीनवर फार नाजूक सुंदर दिसते, पण लेझर प्रिंटर करडा रंग बारीक ठिपक्यांनी काढतो, त्यामुळे कागदावर ती तुटक येते आणि झेरॉक्समध्ये गायबच होते. अर्धा पॉइंट, पूर्ण काळी ठेवा. एकाआड एक ओळीमागे करडा पट्टा देण्याचंही तसंच, झेरॉक्सवर तो चिखलासारखा उठतो नि वरचे आकडे त्यात बुडतात. दुसऱ्या दिवशी दारात लावला तो कागद मी आधी कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढून बघितला, आणि मग मावशींनाच चार पावलं लांब उभं करून ओंकारेश्वरची वेळ वाचायला लावली.