लेहंग्याच्या शेडिंगमध्ये मधोमध उठणारी रेघ: माझा अनुभव

रिसेप्शनचा लेहंगा मला वर फिकट अबोली आणि खाली गर्द डाळिंबी हवा होता. दोनदा नमुना आला, दोन्ही वेळा मधोमध पट्टा मारल्यासारखी रेघ. मोबाइलवरचे फोटो दाखवले, "अजून थोडं गर्द" असंही सांगून पाहिलं. नुसता वैताग! अबोली प्रत्येक स्क्रीनवर वेगळाच दिसतो.

शेवटी रंगवणाऱ्या मास्तरांना पत्र लिहिलं आणि पत्राला त्याच जॉर्जेटचे, रंगवून पूर्ण वाळवलेले तीन तुकडे टाचले. ओला रंग गडद भासतो, म्हणून वाळवलेलेच.

"मास्तर, आधी कळ्या कापा, मग रंगवा. सलग कापड रंगवून कापलं तर तिरक्या शिवणीवर रंग जुळत नाही. लांबी ४० इंच, मापं कमरेपासून खाली. पहिले १२ इंच तुकडा १ चा रंग, शेवटचे १० इंच तुकडा ३ चा. मधल्या १८ इंचांत रंग चढत जाऊ दे. तुकडा २ बरोबर २१ इंचांवर यावा. बुडवण्याआधी कळी पाण्यात भिजवा आणि रंगात सतत वरखाली करा; एका जागी थांबलात की रेघ उठते. आधी एकच कळी वाळवून दाखवा."

ती कळी मी खिडकीत पाहिली, मग पिवळ्या दिव्याखाली. दिव्यात अबोली पिवळट वाटला, म्हणून तुकडा १ किंचित गुलाबीकडे नेला. बाकीच्या कळ्या त्यानंतरच रंगवल्या. रेघ नाही.