टीव्ही, पेपर आणि डिजिटल एकत्र: मार्केटिंग मिक्स मॉडेल करताना या चुका टाळा

मार्केटिंग मिक्स मॉडेल म्हणजे दोन-तीन वर्षांची दर आठवड्याची विक्री घ्यायची आणि तिच्यातला कोणता वाटा टीव्हीचा, कोणता पेपरमधल्या जाहिरातीचा, कोणता डिजिटलचा आणि कोणता भाव, सण, वितरण यांचा, हे रिग्रेशनने वेगळं करायचं. गणित सॉफ्टवेअर करतं. चुका होतात त्या आकडे भरताना आणि त्याही आधी, जाहिरातींचं वेळापत्रक आखताना.

उदाहरणासाठी महाराष्ट्रात विकला जाणारा केसांच्या तेलाचा एक काल्पनिक ब्रँड घेऊ. मराठी वाहिन्यांवर जाहिरात, दैनिकांच्या शहर आवृत्त्यांत जाहिरात आणि मोबाइलवर व्हिडिओ, असं त्याचं माध्यम नियोजन आहे. बहुतेक खर्च दिवाळीच्या आसपास होतो.

विक्री कुठली धरली?

पहिली चूक इथेच होते. अकाउंट्सकडे सहज मिळते ती प्रायमरी विक्री, म्हणजे कंपनीने डिस्ट्रिब्युटरला पाठवलेला माल. ती महिनाअखेरीला टार्गेटसाठी फुगते आणि पुढच्या आठवड्यात कोसळते. जाहिरात बघून गिऱ्हाईक दुकानात जातं, डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात नाही. म्हणून दुकानातून ग्राहकाला झालेली विक्री मिळत असेल तर ती घ्या. नसेल तर निदान डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला केलेली सेकंडरी विक्री तरी घ्या.

२०२५ चा सप्टेंबर या बाबतीत बघण्यासारखा आहे. केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के होणार, हे ३ सप्टेंबरला जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरपासून लागू झालं. मूळ किंमत १०० असेल तर ११८ ची बाटली १०५ वर येणार. हे कळल्यावर दुकानदार जुना माल संपवायला बघणार आणि नवी ऑर्डर थांबवणार. मग २२ तारखेनंतर रिकामी फळी भरणार, नेमक्या त्याच वेळी दिवाळीची टीव्ही मोहीम सुरू होणार. मॉडेलला प्रायमरी विक्री दिली आणि भाव दिलाच नाही, तर फळी भरल्याचं आणि भाव उतरल्याचं सगळं श्रेय टीव्हीच्या खात्यात जाईल. यावर इलाज म्हणून दर १०० मिलीमागे ग्राहकाने प्रत्यक्ष दिलेला भाव, स्कीम वजा करून, दर आठवड्याला वेगळ्या स्तंभात भरा. ३ ते २१ सप्टेंबरचा थांबलेला काळही वेगळा खुणेने दाखवा.

दिवाळी महिन्याने मोजू नका

लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. तीन वर्षांत तीन आठवड्यांची सरकासरक. अभ्यंगस्नानासाठीची तेलाची खरेदी सणाच्या आधी होते, म्हणजे ती कधी ऑक्टोबरमध्ये पडते, कधी नोव्हेंबरमध्ये. मॉडेलमध्ये ‘ऑक्टोबर’ आणि ‘नोव्हेंबर’ असे ठोकळे घातले तर सणाची उसळी त्यांत बसत नाही. टीव्ही मोहीम मात्र दरवर्षी सणाबरोबरच सरकते, त्यामुळे उरलेली उसळी तिच्या नावावर चढते. ‘लक्ष्मीपूजनाआधीचा तिसरा आठवडा, दुसरा, पहिला, सणाचा आठवडा, नंतरचा’ अशा पाच खुणा करा. नंतरच्या आठवड्यातली घसरणही पकडली पाहिजे.

आठवडा कुठून कुठपर्यंत, हेही जुळवून घ्या. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो, विक्रीचा बहुधा सोमवार ते रविवार. पेपरची जाहिरात बिलाच्या तारखेला नाही, छापून आली त्या तारखेला नोंदवा. टीव्हीसाठी शक्यतो रुपये नको, जीआरपी घ्या, म्हणजे जाहिरात किती लोकांना किती वेळा दिसली याचं माप. सणात दर चढतात, म्हणून तेवढ्याच पैशांत कमी जाहिरात दिसते आणि रुपये हे सांगत नाहीत.

तिन्ही माध्यमांना एकच मागे उरणारा परिणाम

जाहिरात थांबली तरी तिचा परिणाम काही काळ राहतो. त्याला अॅडस्टॉक म्हणतात:

```
A[t] = x[t] + theta * A[t-1]
```

x म्हणजे त्या आठवड्याची जाहिरात, A म्हणजे साठलेला परिणाम आणि theta म्हणजे मागच्या आठवड्याच्या परिणामातला उरणारा भाग. theta ०.७ धरला तर या आठवड्यातल्या १०० जीआरपीचे पुढच्या आठवड्यांत ७०, ४९, ३४ उरतात. ब्रँडच्या टीव्ही जाहिरातीला हे शोभतं. ‘रविवारपर्यंत सूट’ अशी पेपरातली जाहिरात दोन-तीन दिवसांत संपते. तिला ०.७ दिला तर मॉडेल तिचं श्रेय महिनाभर पसरवतं. प्रत्येक माध्यमाचा आकडा वेगळा तपासा आणि ०.१ ते ०.८ पर्यंत बदलून निकाल किती हलतो ते पाहा.

सगळं एकाच वेळी सुरू, एकाच वेळी बंद

यातली सगळ्यात महागडी चूक ही, आणि ती मॉडेल करणाऱ्याच्या हातात येण्याआधीच झालेली असते. समजा १५६ आठवड्यांपैकी ४० आठवडे जाहिरात होती आणि त्यांपैकी ३४ आठवडे तिन्ही माध्यमं एकत्र चालू होती. मग कोणी किती विकलं हे सांगणार कोण? वेगळेपणाची सगळी माहिती त्या उरलेल्या सहा आठवड्यांतच आहे.

ओळखायचं कसं? पेपरचा गुणांक उणे येतो, म्हणजे जाहिरात दिल्याने विक्री घटली असा अर्थ निघतो, आणि डिजिटलचा अवाच्या सवा मोठा. माध्यमं एकमेकांत किती गुंतली आहेत हे सांगणारा व्हीआयएफ दहाच्या वर जातो. सोपी परीक्षा अशी: शेवटचे आठ आठवडे काढून मॉडेल पुन्हा चालवा. डिजिटलचा वाटा ६ टक्क्यांवरून १५ वर उडाला तर दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत, मग मॉडेल विक्रीशी किती जुळतं हे सांगणारा आर-स्क्वेअर ०.९५ का असेना.

इथे लोक उणे गुणांक जबरदस्तीने धन करून घेतात. चिन्ह सुधारतं, माहिती वाढत नाही. मेटाचं रॉबिन किंवा गूगलचं मेरिडियन असं तयार सॉफ्टवेअर वापरलं तरी हा पेच सुटत नाही. मेरिडियनसारख्या बेझियन पद्धतीत आधी गृहीत धरलेली श्रेणी आणि निकालाची श्रेणी शेजारी ठेवा. दोन्ही सारख्याच दिसल्या तर डेटाने काही सांगितलंच नाही, तुमचंच गृहीतक परत आलं.

खरा उपाय वेळापत्रकात आहे. टीव्ही राज्यभर दिसतो, तो जिल्ह्यापुरता बंद करता येत नाही, म्हणून त्याला वेळेत वेगळं करा: डिजिटल आधी सुरू करून टीव्ही तीन आठवड्यांनी आणा. पेपर आणि डिजिटल मात्र जागेनुसार तोडता येतात. चार आठवडे नाशिक आवृत्तीत जाहिरात द्या, कोल्हापूर आवृत्तीत देऊ नका. पुढच्या फेरीत अदलाबदल करा. आवृत्तीची हद्द आणि डिस्ट्रिब्युटरची हद्द एक नसते, म्हणून विक्री तालुक्यानुसार जुळवा आणि दोन्ही आवृत्त्या जातात ते तालुके बाहेर ठेवा.

चार आठवडे पुरतील का, हे आधी मोजा. दोन जिल्ह्यांच्या विक्रीतला फरक एरवीही दर आठवड्याला साधारण ८ टक्के इकडेतिकडे होत असेल, तर चार आठवड्यांच्या सरासरीत ४ टक्क्यांची अनिश्चितता उरते. ३ टक्क्यांची वाढ त्यात दिसणार नाही. जिल्हे वाढवा किंवा काळ वाढवा. आलेला निकाल मॉडेलमध्ये पेपरच्या गुणांकाची श्रेणी म्हणून घाला.

ब्रँडच्या नावाचा सर्च

टीव्हीवर जाहिरात पाहून माणूस ब्रँडचं नाव टाइप करतो आणि पहिल्या जाहिरातीवर क्लिक करतो. हा सर्च टीव्हीच्या बरोबरीने माध्यम म्हणून घातला तर तो टीव्हीचं श्रेय खातो. नावाचा सर्च आणि ‘केस गळतीवर तेल’ असा सामान्य सर्च हे दोन स्तंभ वेगळे करा. पहिला विक्रीच्या मॉडेलमधून काढा आणि त्याच्यासाठी वेगळं छोटं मॉडेल करा, ज्यात टीव्ही, पेपर आणि व्हिडिओ हे कारण असतील आणि सर्च हा परिणाम.