चार्टमधली वाटी आणि घरची वाटी: या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतलं एक मराठी कुटुंब. काकांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, त्यात जुना मधुमेह. काकू मी दिलेल्या आहाराच्या चार्टवर रोज टिक करून आणायच्या, एकही खाडा नाही. तरी काकांना उठताना थकवा यायचा आणि जेवणानंतरची शुगर चढलेली. "चार्टप्रमाणेच देतोय हो ताई," हे वाक्य मी आहारतज्ज्ञ म्हणून आठवड्यातून चार वेळा ऐकते. म्हटलं, काकू, पुढच्या वेळी तुमची वाटी घेऊन या.

वाटी आली. पाण्याने भरून वजनकाट्यावर ठेवली तर 240 ग्रॅम पाणी, म्हणजे 240 मिली. माझ्या चार्टमधली वाटी 150 मिलीची. भात 'एक वाटी' लिहिला होता, तो दीडपटीहून जास्त जात होता. शुगरचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मग वरणाची वाटीही तेवढीच मोठी असताना प्रोटीन कमी कसं पडलं? कारण पाच माणसांसाठी डाळ लागायची 100 ग्रॅम, म्हणजे माणशी 20. चार्टमध्ये काकांना एका वेळी 30 ग्रॅम कच्ची डाळ धरलेली, त्यातून साधारण 7 ग्रॅम प्रोटीन मिळतं. त्यात आजारी माणसाला हलकं म्हणून काकू वरचं पातळ वरण काढून द्यायच्या. डाळ तळाशी बसते, वर राहतं हळदीचं पाणी. वाटी भरलेली दिसते, डाळ मात्र बाकीच्यांच्या ताटात गेलेली असते.

म्हणून धान्य आणि डाळ कच्चीच मोजायची. काकांची 30 ग्रॅम डाळ वेगळ्या डब्यात, कुकरमध्ये त्यांचा डबा वेगळा, आणि शिजलं ते घोटून सगळंच्या सगळं त्यांना. मग पातळ असो की घट्ट, फरक पडत नाही. भातासाठी 150 मिलीची एक वाटी शोधून तिला दोरा बांधून ठेवा. चार्टमध्ये ग्रॅम दिले नसतील तर आकडा कच्च्याचा की शिजलेल्याचा, हे पहिल्याच दिवशी विचारा. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच ते तीनपट होतो, त्यामुळे इथली गफलत छोटी नसते.

एक मात्र सांभाळा. रुग्ण इन्सुलिनवर किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल आणि इतके दिवस भात जास्त जात होता असं लक्षात आलं, तर तो कमी करण्याआधी डॉक्टरांना कळवा. औषधाचा डोस त्या जास्तीच्या भातावर बसवलेला असू शकतो, आणि मग शुगर एकदम खाली जाते.

तेलाचा चमचा म्हणजे 5 मिलीचा चहाचा चमचा, फोडणीची पळी नव्हे. घरात मोजायला काही नसेल तर खोकल्याच्या औषधावरचं खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन वापरा. काकांना दिवसाला तीन चमचे होते, म्हणजे आठवड्याचे 105 मिली. तेवढं तेल सोमवारी छोट्या बाटलीत काढायचं. गुरुवारीच बाटली संपली तर हात कुठे सैल सुटतो ते कळतं.

आता अदलाबदल. चार्टमध्ये 'याऐवजी' लिहिलेलं असतं ते त्याच गटातल्या पदार्थापुरतं. मुगाऐवजी मसूर चालेल, फुलक्याऐवजी मोजून भात चालेल. काकूंनी मात्र रविवारी दुधीच्या भाजीऐवजी भुट्ट्याचा किस केला आणि पोळी-भात तसाच ठेवला. मका, बटाटा, गराडू हे माझ्या हिशेबात धान्याच्या रांगेत बसतात. भाजीच्या जागी आले तर पोळी कमी व्हायला हवी.

चतुर्थीला याहून मोठी चूक झाली. मुगाच्या खिचडीऐवजी साबुदाण्याची. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, म्हणजे त्या वेळचे 7 ग्रॅम गेले. काकांना उपास सोडा म्हणणं व्यर्थ होतं, तेव्हा साबुदाणा निम्मा करून सोबत 40 ग्रॅम पनीर ठरवलं. पोह्यांवरच्या सेवबद्दल मात्र मी तडजोड केली नाही. तळलेलं तेल आणि मीठ दोन्ही हिशेबाबाहेर येतं, आणि इंदुरी हात सेव चिमूटभर टाकतच नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नारळपाणी, डाळी, फळं यांची अदलाबदल स्वतःहून करू नका. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल तर पालक-मेथी एकदम वाढवू किंवा बंद करू नका, आधी विचारा.

आणि टिक करणं सोडा. ताटात काय वाढलं यापेक्षा काय उरलं ते लिहा. काकूंच्या पुढच्या कागदावर मंगळवारसमोर लिहिलं होतं: "पनीर अर्धं उरलं, म्हणाले चिवट लागतं." मग आम्ही ते किसून फुलक्यात भरलं.